आमची वाटचाल : नवा फॉन्ट घेण्याआधीचा एक कागद

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या छापखान्यात मुख्यतः लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापली जातात. बाबांनी खिळे जुळवले, मी जुन्या डीटीपी फॉन्टवर शिकलो. पुढे गिऱ्हाइकं मोबाइलवरून युनिकोड मजकूर पाठवू लागली आणि तो सगळा पुन्हा टाइप करणं जमेना. म्हणून युनिकोड फॉन्ट घेतला. पहिल्याच पत्रिकेत 'वऱ्हाडी मंडळी'तला र खाली नुक्ता आणि हलन्त घेऊन ह-शेजारी सुटा उभा! दोनशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. बाबा एवढंच म्हणाले, "वऱ्हाडातला छापखाना, अन् वऱ्हाडच उमटत नाही?"

कारण शोधलं. हा 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो:

```
U+0931 U+094D U+0939
U+0930 U+094D U+200D U+0939
```

दोन्हींतून एकच अक्षर दिसायला हवं. आमच्या फॉन्टला दुसरा प्रकार कळत होता, गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून पहिला आला होता. तोच मजकूर त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या फॉन्टात नीट दिसला, तेव्हा दोष फॉन्टचा हे नक्की झालं. सगळेच फॉन्ट बिघडले असते, तर सॉफ्टवेअरकडे बघावं लागलं असतं.

तेव्हापासून फॉन्ट घेण्याआधी आम्ही एक कागद छापतो. त्यात 'वऱ्हाड' दोन्ही प्रकारे असतो, आणि जोडीला 'दर्या, दऱ्या' आणि 'आचार्यांना, आचाऱ्यांना'. रफार आणि हा आडवा र यांची अदलाबदल झाली, तर गुरुजींचा स्वयंपाकी होतो. मग आमच्याच गावांची नावं: 'मोर्शी'त रफार वेलांटीला चिकटतो का, 'मूर्तिजापूर'मध्ये ऱ्हस्व वेलांटीचं टोक त-च्या काण्यापर्यंत पोचतं का, 'आर्वी'वर मुद्दाम अनुस्वार दिला तर तो आणि रफार वेगळे दिसतात का. शेवटी 'शुद्ध, द्वारा, विद्या'.

हा कागद आम्ही पडद्यावर तपासत नाही. नऊ पॉइंटात, पावतीपुस्तकाच्याच कागदावर छापतो, कारण त्या कागदावर शाई पसरते. 'द्ध' आणि 'द्व' यांतली पोकळी भरली की दोन्ही सारखेच दिसतात, आणि पडद्यावर हे कधीच कळत नाही.

आकड्यांना वेगळी ओळ. ५, ८ आणि ९ मराठी वळणाचे आहेत का हे आधी पाहतो. मग ११११ खाली ८८८८ छापतो. दोन्हींची लांबी सारखी नसेल, तर क्विंटल आणि रुपयांच्या रकान्यांत एककाखाली एकक येत नाही.

तिसऱ्या फॉन्टनं अक्षरांची परीक्षा पार केली, पण त्याचा १ अरुंद निघाला. म्हणून पत्रिका त्याच्यात छापतो, पावतीपुस्तकं अजून जुन्याच फॉन्टात.