दहा टॉवेल आणि अण्णांचा हिस्सा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मागांचा खडखडाट इतका, की ऑफिसचं दार लावल्याशिवाय बोलताच येत नाही. एप्रिलमधल्या त्या दुपारी दार लावलेलं होतं, तरी आतले आवाज चढलेले होते. अण्णा 31 मार्चला फर्ममधून निवृत्त झाले होते आणि त्यांना किती द्यायचं, कसं द्यायचं, हे ठरवायला मी हिशेबाची फाईल घेऊन गेले होते.

फर्ममध्ये तिघं भागीदार होते: अण्णा आणि त्यांचे दोन पुतणे. नफ्याची वाटणी 2:2:1, म्हणजे अण्णा आणि थोरला यांचे दोन-दोन हिस्से आणि उशिरा आलेल्या धाकट्याचा एक. अण्णांनंतर दोघं भाऊ निम्मेनिम्मे घेणार, हे घरात आधीच ठरलं होतं. शेड भाड्याची, त्यामुळे जागेच्या किमतीचा वाद नव्हता.

दिवाणजींनी कच्चा हिशेब करून ठेवला होता. अण्णांच्या भांडवल खात्यावर 14 लाख जमा होते. राखीव निधी 5 लाखांचा, त्यातले जुन्या प्रमाणात 2 लाख अण्णांचे. रंग उतरलेल्या चादरींचा पडून राहिलेला माल आणि बुडीत जाईल अशी एक येणी मिळून 2 लाखांचा तोटा धरला, त्यातले 80 हजार अण्णांच्या नावे. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. अडचण गुडविलपासून सुरू झाली.

गुडविल म्हणजे पुस्तकातली ख्याती. या कारखान्याची टॉवेलची ऑर्डर वर्षानुवर्षं त्याच पेढ्यांकडून येते, भाव न विचारता येते. ते नाव तिघांनी मिळून कमावलं. अण्णा जाताना आपला वाटा मागे ठेवून जातात, म्हणून त्याचा मोबदला त्यांना मिळायला हवा. करारपत्रात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची दुप्पट असं लिहिलेलं होतं. दिवाणजींनी 5,50,000, 7,40,000 आणि 6,30,000 यांची सरासरी काढली होती. मधलं वर्ष माझ्या डोळ्यांत भरलं. खतावणी उघडून बघितली, तर त्यात जुने माग भंगारात विकून झालेला 1,20,000 चा नफा होता. तो नफा दरवर्षी येणारा नाही, नावामुळे तर मुळीच आलेला नाही. तो वगळला तेव्हा सरासरी बरोबर 6 लाख झाली आणि गुडविल 12 लाख. अण्णांचे दोन पंचमांश म्हणजे 4,80,000.

हा आकडा कुणालाच खटकला नाही. खटकलं ते पुढचं. दिवाणजींनी हे 4,80,000 दोघा भावांच्या नावे 2:1 असे टाकले होते, थोरल्याच्या 3,20,000 आणि धाकट्याच्या 1,60,000. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दोघांचं जुनं प्रमाण 2:1, मग भारही तसाच. मी म्हटलं, हे उलटं झालंय. थोरल्याला 1,20,000 आणि धाकट्याला 3,60,000 सोसायचे आहेत.

धाकटा उठून उभाच राहिला. "ताई, माझा हिस्सा सगळ्यात लहान, आणि सगळ्यात मोठा बोजा माझ्यावर?"

मी लाभाचं प्रमाण, नवं प्रमाण वजा जुनं प्रमाण, असं सांगून बघितलं. चेहऱ्यावरून कळलं की काही पोचत नाही. मग शेजारच्या गठ्ठ्यातून दहा टॉवेल काढून टेबलावर मांडले. म्हटलं, हा सगळा धंदा दहा टॉवेलांचा समजा. कालपर्यंत अण्णांकडे चार, थोरल्याकडे चार, तुमच्याकडे दोन. आजपासून दोघांकडे पाच-पाच व्हायला हवेत. आता अण्णांचे चार उचला आणि वाटा.

धाकट्यानेच उचलले. एक थोरल्यासमोर ठेवला, तीन स्वतःसमोर. तिसरा ठेवताना हात जरा थांबला. बारा लाखांचे दहा टॉवेल, म्हणजे एकाला 1,20,000. ज्याने जितके घेतले त्याने तितक्याचे अण्णांना द्यायचे. दिवाणजींच्या हिशेबाने थोरल्याने एक टॉवेल घेऊन तीन लाखांवर भरले असते, म्हणजे त्याचे 2 लाख उगाच गेले असते. थोरला तोपर्यंत काही बोलला नव्हता, तो माणूसच तसा आहे. ही चूक मी इतर फर्ममध्येही पाहिली आहे. राहिलेल्यांचं आपसातलं जुनं प्रमाण तसंच राहिलं तर ती दिसतही नाही, कारण उत्तर तेच येतं. प्रमाण बदललं की मात्र एकाचे पैसे गुपचूप दुसऱ्याकडे जातात.

दिवाणजींना मी नोंदही बदलायला लावली. त्यांनी 12 लाखांची गुडविल ताळेबंदात मालमत्ता म्हणून उभी करायचं योजलं होतं. जी पैसे मोजून विकत घेतलेली नाही, फर्ममध्येच तयार झाली आहे, ती लेखामानक 26 प्रमाणे तशी दाखवत नाहीत. दोघा भावांची भांडवल खाती नावे, अण्णांचं भांडवल खातं जमा, एवढंच. ताळाही सोपा आहे: अण्णांचं जितकं वाढलं तितकंच दोघांचं मिळून कमी व्हायला हवं.

अण्णांचे झाले 20 लाख. पण बँकेत मोकळे होते जेमतेम 9, आणि सुताचं बिल डोक्यावर होतं. सगळे एकदम दिले असते तर महिन्याभरात माग थांबले असते. म्हणून 8 लाख लगेच बँकेतून द्यायचे आणि उरलेले 12 लाख भांडवल खात्यातून अण्णांच्या कर्ज खात्यावर न्यायचे, असं ठरलं. दर मार्चअखेर 4 लाख मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर 10 टक्के व्याज: पहिल्या वर्षी 5,20,000, मग 4,80,000, शेवटी 4,40,000.

"पोरांकडून व्याज कसलं घ्यायचं?" अण्णा म्हणाले. मी हट्ट धरला. हिशेब चुकता न करता धंदा चालूच ठेवला आणि काही ठरलेलंच नसलं, तर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 37 जाणाऱ्याला निवड देतं: त्याच्या पैशाच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा सालीना 6 टक्के व्याज. मग कुठला नफा कुणाच्या पैशातून, हे ठरवत घरं तुटतात. दर, तारखा, आणि एक हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम लगेच देय, हे तिन्ही डीडमध्ये घालून घेतलं. गुडविलपोटी मिळणाऱ्या रकमेवर 2021 च्या दुरुस्तीनंतर फर्मला भांडवली नफ्याचा कर येऊ शकतो. तो आला तर दोघा भावांनी सोसायचा, हेही लिहिलं. शिवाय निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या एका मराठी दैनिकात जाहीर सूचना. ती निघेपर्यंत फर्मच्या नव्या उधारीलाही अण्णा बाहेरच्यांना जबाबदार राहतात.

संध्याकाळी नवा ताळेबंद छापून अण्णांसमोर ठेवला. भांडवलाखाली दोनच नावं होती. थोरल्याचे 16 लाख, धाकट्याचे 9 लाखांवरून 6 वर आलेले. अण्णा बोट फिरवत खाली गेले आणि कर्जांच्या यादीत थांबले.

"म्हणजे आता मी सूतवाल्यासारखा. येणं असलेला माणूस."

"हो अण्णा. आणि तारणही नाही तुमच्याकडे."

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग धाकट्याला म्हणाले, सूतवाल्याचं बिल आधी भाग, माझं मार्चला आहे. धाकट्याने मान हलवली आणि समोरचे पाच टॉवेल घडी करून गठ्ठ्यावर परत ठेवले.