तीन तारखेची गळती

‘चॅट टूलला फोटो पाठवून माहिती कशी विचारावी’ या कार्यशाळेची नोटीस तयार होती. शिकवणारे स्वयंसेवक आमच्या सोसायटीतलेच. सचिव म्हणून मसुदा माझा होता: वेळ, जागा, फोन चार्ज करून आणा. बोर्डावर लावायला निघालो, तेवढ्यात पाण्याचं काम बघणारे काका ऑफिसात आले.

“तीन तारखेला मोठी गळती झालीय. प्लंबरला बोलावून घेतो.”

त्यांनी मीटरच्या रजिस्टरच्या अख्ख्या पानाचा फोटो काढून चॅट टूलला विचारलं होतं, सगळ्यात जास्त पाणी कुठल्या दिवशी गेलं? उत्तर आलं: तीन तारखेला, ६९ युनिट. एक युनिट म्हणजे हजार लिटर. एरवी आमचा रोजचा खप १८-१९ युनिट असतो.

मी रजिस्टर मागवलं. दोन तारखेचं रीडिंग ४५३०, चारचं ४५६७. टूलने तीनचं ४५९९ धरलं होतं. पण मीटर उलटा फिरत नाही; तीनला ४५९९ असेल तर चारला ४५६७ येणारच कसं? वॉचमनने इंग्रजी आकड्यांत ४५४९ लिहिलं होतं. त्याचा चार वरून बंद असतो, त्यामुळे नऊसारखा दिसतो, आणि नेमकी तिथेच पानाच्या घडीची सावली पडली होती. म्हणजे खप १९ युनिट, रोजच्यासारखाच.

“अहो, पण त्याने कुठे म्हटलं की नीट दिसत नाही म्हणून?” काका म्हणाले.

खरी अडचण हीच आहे. मोठा फोटो बऱ्याचदा आत लहान केला जातो, बारीक अक्षर पुसट होतं, आणि टूल अडखळण्याऐवजी शोभेलसा आकडा भरून टाकतं. उत्तराची भाषा मात्र तितकीच ठाम राहते.

मग आम्ही पान सपाट केलं, खिडकीजवळ नेलं आणि फक्त चार ओळींचा जवळून फोटो घेतला. प्रश्नही बदलला: ‘आधी आकडे जसेच्या तसे ओळीने उतरव, शंका असेल तिथे अस्पष्ट लिही, हिशोब करू नकोस.’ या वेळी ४५४९ आलं. तरी काकांनी प्रत्येक ओळ रजिस्टरशी ताडून पाहिली. ते करावंच लागतं, कारण चांगल्या फोटोतही आकडा चुकू शकतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून खटकली. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात पाहुण्यांची नावं आणि मोबाइल नंबर होते. काकांच्या पहिल्या फोटोबरोबर तेही बाहेर गेले होते. असा भाग फोटोतून कापूनच टाकायला हवा. फोनमधल्या हायलायटरने फासून भागत नाही. तो रंग अर्धपारदर्शक असतो आणि फोटो उजळ केला की खालचं वाचता येऊ शकतं.

प्लंबरला फोन केला नाही. नोटीस दुपारी लागली, दोन ओळींची भर घालून: ‘येताना रजिस्टरचं किंवा बिलाचं मूळ पान सोबत आणावे, टूलचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहायचे आहे. दुसऱ्याचे नाव-नंबर असलेला भाग फोटोत घेऊ नये.’