रतनगडावरून उतरल्यावर: ड्राय बॅगमध्ये पायजमा भिजला कसा?

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की 20 लिटरची रोल-टॉप ड्राय बॅग घेतल्यापासून पावसाळी सामानाचा प्रश्न सुटला आहे. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे. रविवारी दिवसभर मुसळधार पावसात रतनगड करून संध्याकाळी रतनवाडीत उतरलो आणि कोरडे कपडे घालण्यासाठी बॅग उघडली, तेव्हा सुती पायजम्याचा कमरेकडचा भाग पिळण्याइतका ओला होता आणि त्याला लागून असलेले बनियनही दमट झाले होते. बॅगेच्या तळाशी ठेवलेले मोजे आणि फ्लीस मात्र पूर्ण कोरडे होते.

एका दिवसाच्या चढाईत सुटे कपडे पायथ्याशीच का ठेवत नाही, असे अनेक जण विचारतात. उतरताना ओढ्याला पाणी वाढले, तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे लागते, आणि वाऱ्यात भिजून बसलेल्या माणसाला कोरडा जोड तिथेच हवा असतो. म्हणून हा जोड माझ्या यादीतून कधीही वगळला जात नाही. त्याचे वजन 780 ग्रॅम होते.

घरी आल्यावर प्रथम संशय शिवणीवर घेतला. आतल्या बाजूचे पॉलियुरेथेनचे अस्तर दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की चिकट होऊन सुटू लागते आणि शिवणीवरची टेपही उचलली जाते. त्यामुळे बॅगेत पाणी भरून ती अर्धा तास टांगून ठेवली, पण एक थेंबही गळला नाही. मग तिच्यात हवा भरून तोंडाला तीन घड्या घातल्या आणि ती बादलीत दाबून धरली. बुडबुडे आले नाहीत. बॅग निर्दोष ठरली, पण पायजमा तर भिजला होता.

उत्तर ओल कुठे होती यातच दडलेले होते. भिजलेले कपडे बॅगेच्या तोंडाजवळचे होते, म्हणजे पाणी तोंडातून आले होते. बॅग मी सॅकच्या तळाशी आडवी ठेवली होती. पाठीवरून ओघळणारे पाणी सॅक आणि पाठ यांच्यामधून खाली उतरते आणि रेनकव्हरच्या तळाशी साचते. माझ्या कव्हरला निचऱ्याचे भोक नाही, त्यामुळे ते काढताना त्यातून चांगले ओंजळभर पाणी सांडले. रोल-टॉपची घडी पावसाचा मारा आणि शिंतोडे अडवते, पण तासन्‌तास पाण्यात पडून राहण्यासाठी ती बनवलेली नसते.

तरीही तीन घड्यांतून इतके पाणी आत येईल, हे मला पटेना. काल रात्री बॅग पुन्हा तशीच भरताना कारण हाती लागले. पायजम्याची नाडी घडीत अडकून तिचे टोक बाहेर राहत होते! सुती नाडी दिव्याच्या वातीसारखे काम करते. बाहेरचे टोक पाण्यात असले की ती पाणी आत ओढते, आणि तिच्या जाडीमुळे घडीत फटही राहते. खात्रीसाठी नाडी तशीच अडकवून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून बॅग तोंडाकडून चार बोटे पाण्यात दोन तास ठेवली. तोंडाजवळचे बोळे चिंब झाले. नाडी आत सारून तोच प्रयोग केला, तेव्हा कागद कुरकुरीत बाहेर निघाला. तो आवाज ऐकून रविवारपासूनचा सगळा वैताग उतरला.

पायजमा यादीतून गेला. त्याच्या जागी बिननाडीची, इलॅस्टिकची पॉलिएस्टर ट्रॅक पँट आली, जी 90 ग्रॅमने हलकी आहे आणि भिजली तरी पिळून लवकर वाळते. बॅगही आता उभी, तोंड वर करून राहील आणि घडी घालण्यापूर्वी कडेवरून एकदा बोट फिरवून काही अडकले नाही ना ते पाहीन.

वजनाचा हिशेबही याच पाण्याशी जोडलेला निघाला. निघताना सॅक 6 किलो 300 ग्रॅम होती. दोन लिटर पाणी प्यायलो आणि साधारण 400 ग्रॅम खाणे संपले, म्हणजे परतताना ती 3 किलो 900 ग्रॅम भरायला हवी होती. हाताच्या काट्यावर ती 4 किलो 800 ग्रॅम भरली. हे वरचे 900 ग्रॅम बहुतांशी पट्ट्यांच्या आणि पाठीच्या फोममध्ये मुरलेले पाणी होते.

यावर रेनकव्हर सोडून सॅकमध्ये फक्त जाड प्लास्टिकची पिशवी लायनर म्हणून घालायची, असे ठरवूनच मी लिहायला बसलो होतो. कव्हर कारवीत अडकते, वाऱ्यात फुगते आणि पाठीकडची बाजू झाकतच नाही, हे माझे मत कायम आहे. पण ते काढले तर सॅकचे बाहेरचे कापड आणि खिसेही भिजतील आणि 900 ग्रॅमचा आकडा आणखी वाढेल, हे वरचा हिशेब मांडताना लक्षात आले. त्यामुळे कव्हर राहील, फक्त त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला धातूची रिंग ठोकून भोक पाडेन. लायनरही आत राहील; त्याचे तोंड गाठ न मारता पिळून खाली दुमडायचे, म्हणजे ओल्या बोटांनीही ते सहज उघडते. पोंचो आणि ओले झालेले काहीही लायनरच्या बाहेरच राहील. भोक किती मोठे असावे, हे पुढच्या रविवारच्या आत नळाखाली सॅक धरून ठरवणार आहे.