तान्ह्या बाळाची मान वाकडी, त्याबद्दल जरा सविस्तर

"ताई, बाळाची मान एकाच बाजूला झुकते, मानेत गाठपण लागते, याला ऑपरेशन लागेल का?"

बहुतेक बाळांना नाही लागत, पण व्यायाम कधी सुरू झाला यावर खूप अवलंबून असतं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत सुरू केला तर बहुतेक बाळं काही महिन्यांतच मोकळी होतात, सहा महिन्यांनंतर सुरू केला तर वेळ कितीतरी जास्त लागतो आणि सगळी बाळं पूर्ण सुटतातच असं नाही.

मागे यावल तालुक्यातलं एक बाळ आलं होतं, पहिलटकरणीचं, पायाळू म्हणून सिझर झालेलं. आजी सारखी म्हणायची, "पोऱ्या एकच बाजूले देखस". तिला वाटायचं दोष डावीकडे आहे कारण बाळ डावीकडेच बघायचं. खरं तर आखडला होता उजवा स्नायू. कानामागच्या हाडापासून खाली छातीच्या हाडाकडे तिरका येतो तो, स्टर्नोमॅस्टॉइड म्हणतात त्याला, आणि उजवा आखडला की डोकं उजव्या खांद्याकडे झुकतं पण हनुवटी वळते डावीकडे. स्नायूच्या मऊ तंतूंच्या जागी चिवट, न ताणणारे तंतू तयार होतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात. ते नेमकं का होतं हे अजून पक्कं माहीत नाही, पण पोटात जागा कमी पडलेली, पायाळू किंवा अवघड बाळंतपणाची बाळं यात जास्त दिसतात.

गाठ साधारण दोन-चार आठवड्यांची असताना हाताला लागते, या बाळाला बोराएवढी होती आणि घरात सगळे कॅन्सरच्या भीतीने गळाठले होते. सोनोग्राफीत गाठ स्नायूतलीच आहे हे कळलं, अशी गाठ काही महिन्यांत आपोआप विरते. पण गाठ गेली म्हणजे स्नायू सुटला असं नाही, इथेच लोक व्यायाम सोडून देतात. अशा बाळांमध्ये खुब्याचा सांधा कच्चा असण्याची शक्यताही जास्त असते, म्हणून खुबेही तपासून घेतले, ते नीट होते.

व्यायाम दोन माणसांनी केला तर सोपा. बाळ उताणं, एकाने खांदे हलके दाबून धरायचे, दुसऱ्याने दोन्ही तळव्यांत डोकं घ्यायचं. या बाळाची हनुवटी हळूहळू उजव्या खांद्याकडे वळवायची आणि दहा ते तीस सेकंद तिथे धरायची. मग तोंड छताकडे ठेवून डावा कान डाव्या खांद्याकडे न्यायचा, तेव्हा उजवा खांदा वर यायला नको. दर लंगोट बदलताना दोन-चार वेळा करायचं, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. बाळ जोर लावून विरोध करायला लागलं की सोडून द्या, जबरदस्तीने स्नायूला इजा होऊ शकते, आणि श्वास किंवा रंग बदलला तर लगेच थांबा. मालिशवाल्या बाईला गाठ चोळू देऊ नका, मान झटकूही देऊ नका, हे मी प्रत्येक सासूबाईंना हात जोडून सांगते.

बाकी दिवसभराचं पण आहेच. खुळखुळा, आईचा आवाज, खिडकीचा उजेड सगळं आखडलेल्या बाजूने, या बाळाला उजवीकडून, आलं पाहिजे म्हणजे बाळ स्वतःच मान वळवतं, जागं असताना नजरेसमोर पालथं घालायचं, आणि झोळीत तासन् तास ठेवायचं नाही, त्याने डोकं एकीकडून चपटं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आखडलेल्या बाजूची घडी घामाने लाल होते, ती अलगद उघडून कोरडी करायची, तेल-पावडर नको.

ऑपरेशनचा विचार कधी, तर सहा महिने नीट व्यायाम करूनही मान वळायला किंवा झुकायला दुसऱ्या बाजूपेक्षा १५ अंशांहून जास्त कमी पडत असेल, बाळ वर्षाचं होऊनही मान सुटली नसेल, हाताला कडक दोरी लागत असेल किंवा चेहरा एका बाजूने लहान दिसायला लागला असेल तर. आखडलेला स्नायू खालून, गरज असेल तर कानामागूनही, कापून मोकळा करतात, साधारण एक ते चार वर्षं हा त्यासाठी चांगला काळ, कारण चेहऱ्याची वाढ अजून सावरू शकते. पण ऑपरेशन झालं की व्यायाम संपला असं समजू नका, नंतरही काही महिने ताण द्यावा लागतो, नाहीतर व्रण आखडून मान परत ओढली जाते. यावलच्या बाळाला ते लागलं नाही, पाच आठवड्यांचं असतानाच आलं होतं ते.

आणि एक, मान आधी सरळ होती आणि नंतर अचानक वाकडी झाली, सोबत ताप, उलट्या, सुस्ती, नाहीतर डोळे वेगळे फिरताहेत, तर हा आजारच वेगळा असू शकतो. तिथे ताण द्यायचा नाही, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.