अठ्ठावीस पॉइंटची विक

एका शेअरची त्या दिवशीची कॅन्डल, म्हणजे दिवसभराच्या भावाचं चार्टवरचं चित्र, अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. ओपन ५००, हाय ५०४, लो ४७०, क्लोज ४९८. ओपन आणि क्लोजमधली बॉडी जेमतेम दोन पॉइंटची, तीही लाल. बॉडीबाहेरची वरची रेघ, म्हणजे विक, चार पॉइंटची आणि खालची तब्बल अठ्ठावीस.

डीलिंग रूममध्ये नव्याने आलेला मुलगा म्हणाला, "सर, हॅमर! खरेदीदारांनी भाव खालून ओढून आणला." त्याचं चुकलं नव्हतं. विकणाऱ्यांनी भाव ४७० पर्यंत रेटला, पण बाजार बंद होताना तिथे टिकवून धरणं त्यांना जमलं नाही. खालची विक एवढंच सांगते. दिवसाअखेर कोण किती पुढे गेलं ते बॉडी सांगते, आणि इथे जवळजवळ बरोबरी होती. एका जुन्या क्लायंटचा फोन आला, "साहेब, घेऊ का?" मी म्हटलं, "घ्या, स्टॉपलॉस ४६९ ला लावा."

दुसऱ्या दिवशी दुपारीच स्टॉपलॉस उडाला.

रात्री त्या कॅन्डलचा दिवस पाच मिनिटांच्या चार्टवर उघडला, आणि अंगावर काटा आला. पहिल्या तासातच भाव ४७५ च्या खाली गेला होता आणि नंतर जवळजवळ दिवसभर ४७० ते ४७८ मध्येच पडून होता. वर जायचा प्रत्येक प्रयत्न ४७८ ला विक्रीत अडकत होता. मग शेवटच्या वीस मिनिटांत चार हिरव्या कॅन्डल आल्या आणि भाव थेट ४९८ वर. वॉल्यूम मात्र सकाळच्या घसरणीच्या मानाने फारच कमी. माझा कयास असा की त्यातली बरीच खरेदी शॉर्टवाल्यांची, म्हणजे हातात शेअर नसताना आधी विकून बसलेल्यांची होती. दिवस संपायच्या आत त्यांना पोझिशन कापायची असते, आणि कापायची म्हणजे विकत घ्यावंच लागतं. ही मागणी दुसऱ्या दिवशी उरत नाही.

म्हणजे रस्सीखेच दिवसभर विकणाऱ्यांच्या बाजूने होती. शेवटी त्यांनीच दोर सोडला.

कॅन्डलमध्ये चारच आकडे असतात. ते कोणत्या क्रमाने आले, भाव कुठे किती वेळ थांबला, हे त्यात नसतं. सकाळी पाच मिनिटं ४७० ला शिवून मग दिवसभर खरेदीवर चढत आलेला शेअरही अगदी हीच कॅन्डल काढतो. आमच्याकडे नव्या मुलांना आकारांची नावं पाठ करून घेतात, आतला चार्ट उघडायला कुणी लावत नाही. याचा मला राग येतो.

क्लायंटला मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "स्टॉपलॉस होता म्हणून निभावलं." हॅमर म्हणणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी शेजारी बसवलं आणि ती लांब विक पाच-पाच मिनिटांनी उलगडून दाखवली. ४७८ च्या रेषेवर बोट ठेवून तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "सर, हे परवा दुपारीच दिसत होतं ना?"

दिसत होतं.