एकोणचाळीस

सुन्नी इस्लामी कायद्याच्या हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली अशा चार परंपरा आहेत. माझं शिक्षण हनफी मदरशातलं. शाफई वस्तीतल्या एका मशिदीचे इमाम महिनाभर रजेवर गेले, म्हणून मला तिथे बोलावलं होतं. नमाजेतले बारीक फरक मला माहीत होते. माणसं मोजावी लागतील, हे मात्र डोक्यात नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी वस्तीतले बरेच लोक कुठल्याशा लग्नाला गेले होते. जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजेआधी खुतबा हे प्रवचन असतं. त्याआधी म्हातारे मुअज्जिनचाचा सफांवरून, म्हणजे नमाजींच्या रांगांवरून, नजर फिरवून आले आणि हळूच म्हणाले, "मौलाना, एकोणचाळीस."

"मी धरून चाळीस झाले की."

"तुम्ही इथले नाही ना."

चाचांचं बरोबर होतं. शाफई मतानुसार जुम्याला किमान चाळीस माणसं लागतात. ती प्रौढ पुरुष हवीत आणि त्याच वस्तीत कायमची राहणारी हवीत. इमामही त्या चाळिसांत धरतात, पण तो तिथला रहिवासी असेल तरच. मी महिन्याचा पाहुणा, म्हणजे माझ्याशिवाय चाळीस हवेत. आमच्याकडे इमाम अबू हनीफांच्या मते इमामाखेरीज तिघे पुरतात आणि ते मुसाफिर असले तरी चालतात. त्यांचे शिष्य अबू युसूफ तर दोघांवरच थांबतात.

वेळ झाली होती, म्हणून मी मिंबरवर चढलो. अल्लाहची स्तुती झाली, पैगंबरांवर दरूद झाला, तक्वाचा उपदेश सुरू केला, तेवढ्यात एक गृहस्थ धावत आत आले. चाचांनी मान हलवली. चाळीस झाले! पण खुतब्याचे अनिवार्य भाग चाळिसांसमोर व्हावे लागतात. मी पुन्हा "अल्हम्दुलिल्लाह"पासून सुरुवात केली. पुढे बसलेल्या काही पोरांना वाटलं, मौलाना विसरले. अबू हनीफांच्या मते खुतब्याच्या नियतीने म्हटलेलं नुसतं "अल्हम्दुलिल्लाह"सुद्धा पुरतं, हे त्या क्षणी मला फार आठवलं.

नमाजेच्या दोन रकात, म्हणजे दोन आवर्तनं, झाल्या आणि नमाज संपवणारा सलाम फिरवला. काही जण लगेच उठून कामाला गेले. चाचा मात्र जवळ येऊन उभे राहिले. दुसऱ्या रकातीत शेवटच्या सफेतल्या एका तरुणाचा वुजू, म्हणजे नमाजेआधी पाण्याने केलेली शुद्धी, तुटला होता आणि तो बाहेर निघून गेला होता. मला पाठमोरं काय दिसणार? शाफई हिशेबात संख्या सलामापर्यंत टिकावी लागते. एक जरी गळाला तरी जुमा सगळ्यांचाच जातो. तेव्हाच कळलं असतं, तर तीच नमाज जुहरची, म्हणजे रोजच्या दुपारच्या नमाजेची, करून चार रकात पुऱ्या केल्या असत्या. सलाम होऊन गेल्यावर, चाळीसही उरले नसताना, जुहर नव्याने पढणं एवढंच हातात होतं. माझ्या मशिदीत पहिल्या रकातीचा सजदा झाल्यावर सगळी जमात जरी निघून गेली असती, तरी माझा जुमा राहिला असता. मालिकींना इमामाखेरीज बारा जण खुतब्याच्या सुरुवातीपासून सलामापर्यंत हवेत, म्हणजे त्यांच्या हिशेबानेही आमची नमाज झाली होती. हंबलींचं प्रचलित मत मात्र चाळीसचंच आहे.

जुहरनंतर तो तरुण ओशाळून विचारू लागला, "हा चाळीसचा आकडा आला कुठून?" मी त्याला पैगंबरांचे साथी काब इब्न मालिक यांची हकीकत सांगितली. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली होती. शुक्रवारची अजान कानावर पडली की ते असद इब्न जुरारांसाठी दुआ करत. मुलाने कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, मदिनेत आम्हाला जुम्यासाठी पहिल्यांदा जमवलं ते त्यांनी. तेव्हा तुम्ही किती होता? चाळीस. मालिकींचे बारा दुसऱ्या एका शुक्रवारचे. व्यापारी तांडा आल्याचं कळताच लोक पैगंबरांना सोडून तिकडे धावले आणि मागे बाराच उरले. कुरआनच्या बासष्टाव्या सूरेच्या शेवटच्या आयतीत त्याचा उल्लेख आहे.

हनफी यावर म्हणतात की त्या दिवशी चाळीस जण जमले, एवढंच यातून कळतं. एकोणचाळीस असते तर जुमा झाला नसता, असं कोणी म्हटलेलं नाही. मला हे पटतं, पण मी त्याच मताचा आहे, तेव्हा माझं पटणं किती मोजायचं! शाफईंचं उत्तरही हलकं नाही. जुहरच्या चार रकातींऐवजी दोनच पढायच्या, तर पक्का आधार हवा, आणि चाळिसांवर जुमा झाल्याचा आधार हातात आहे.

चाचांना काळजी होती पुढच्या शुक्रवारची. लग्नाची मंडळी तोवर परतणार नव्हती. मी 'फत्हुल मुईन' काढलं. मलबारच्या जैनुद्दीन यांच्या या शाफई ग्रंथात बुल्कीनी या शाफई विद्वानांचा फतवा दिला आहे. गावात चाळीस माणसं नसतील, तर शाफई मताप्रमाणे जुहर पढावी. मात्र अनेक विद्वानांनी अशा ठिकाणीही जुमा जायज ठरवला आहे. सगळ्यांनी मिळून त्यांचं मत स्वीकारलं तर जुमा पढता येतो, आणि खबरदारी म्हणून मागून जुहरही पढली तर उत्तमच.

पुढच्या शुक्रवारी सदतीस आले. खुतब्याआधी मी सगळ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी हे मत मान्य केलं. आधी दोन रकात जुमा झाला, मग चार रकात जुहर. सलाम होईपर्यंत कोणी उठलं नाही. चाचांनी तरी दोन्ही वेळा मोजलंच.