साडेनऊचे साडेसात

आमचा शिल्लक मालाचा रिपोर्ट रोज सकाळी साडेनऊला ईमेलवर यायचा आणि साहेबांची मीटिंग दहाला. मधल्या अर्ध्या तासात चार गोदामांचे आकडे जुळवायचे, प्रिंट काढायची, शिवाय चहा. म्हणून मी टेक्निकल टीमला विनंती टाकली: "रिपोर्ट साडेसातला मिळावा." मला वाटलं, घड्याळाचा गजर मागे घेण्याइतकंच काम असेल.

तिथल्या मुलाने रिपोर्टची वेळ ठरवणारी ओळ दाखवली.

```
0 4 * * *
```

"काका, आधी मिनिट, मग तास. म्हणजे चार वाजता."
"अरे पण येतो साडेनऊला!"
"सर्व्हर यूटीसीवर चालतो. आपण साडेपाच तास पुढे."

म्हणजे आमचा सर्व्हर फोर्टातल्या ऑफिसची कामं करतो, पण वेळ लंडनच्या थंडीतली पाळतो. (उन्हाळ्यात लंडनवालेही घड्याळ तासभर पुढे करतात, हा जागचा हलत नाही.) साडेसातसाठी तिथे `0 2` लिहायला हवं होतं. घाईत त्याने `30 7` लिहिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दुपारी एकला आला, मी डबा उघडत असताना.

चूक सुधारली. तिसऱ्या दिवशी खरंच साडेसातला आला. डोंबिवलीच्या फलाटावर मी तो कौतुकाने उघडला, तर भिवंडी गोदामाची शिल्लक आदल्या दिवसाइतकीच, अगदी नगासकट. रात्रपाळीत भिवंडीत ट्रक भरत असतात. माल हलला नाही असं होतच नाही. बरं, कुठे लाल अक्षर नाही की इशारा नाही, बेरीजही बरोबर. जुन्या आकड्यांची बेरीजही बरोबरच येते की!

शोधलं तेव्हा कळलं, रात्रपाळी सातला सुटते आणि भिवंडीची फाइल यायला पावणेआठ होतात. साडेनऊच्या रिपोर्टला ती आपोआप मिळायची. साडेसातच्या रिपोर्टने ती आलीय का हे पाहिलंच नाही. हाताशी होती ती कालची फाइल घेतली आणि निघाला. कोणी सांगितलंय त्याला थांबायला?

मग मुलाने घड्याळाचा नाद सोडला. आता चारही गोदामांच्या आजच्या तारखेच्या फाइली आल्या की रिपोर्ट सुटतो. साडेआठपर्यंत एखादी आली नाही, तर तिच्याशिवाय निघतो, पण कोणतं गोदाम राहिलं ते वर ठळक लिहून. शिवाय प्रत्येक गोदामापुढे शेवटच्या नोंदीची वेळ हवी, हा हट्ट मात्र माझा. मी आकड्याआधी तीच बघतो.

एरवी आठच्या आत येतो. महिनाअखेरीला भिवंडीत मोजणी लांबते, तेव्हा घाटकोपर गेलं तरी फोन गप्पच असतो. वाजला तरी त्या गर्दीत खिशापर्यंत हात कुठला पोचायला, तो दादरला उतरणारे उतरले की.